आईच्या रिपोर्टमध्ये 'फॉलिक्युलर निओप्लाझम' आले आहे: पॅपिलरी, फॉलिक्युलर आणि अ‍ॅनाप्लास्टिक यांत नेमका फरक काय?

कृष्णाकाठची (धागाकर्ती), सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी सांगलीची. माझी आई ५२ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी वेणी घालताना तिच्या गळ्याच्या डाव्या बाजूला गाठ आहे, असे माझ्या लक्षात आले. ती दुखत नाही, पण घोट गिळताना वरखाली होते. सोनोग्राफीत डाव्या बाजूला ३.२ सेंटिमीटरची एकच भरीव गाठ दिसली. मानेत इतरत्र गाठी नाहीत, टीएसएच व्यवस्थित आहे. त्यानंतर मिरजेत सुईची तपासणी केली. रिपोर्टच्या शेवटी 'फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा वर्ग ४' असे लिहिले आहे.

डॉक्टरांनी सांगितले, की हा कर्करोग असेलही किंवा नसेलही, आणि ते कळण्यासाठी थायरॉईडचा डावा अर्धा भाग काढावा लागेल. माझे मन इथेच अडकले आहे. सुई थेट गाठीत गेली, पेशी बाहेर आल्या, त्या कोणीतरी डोळ्यांनी पाहिल्या, तरी कर्करोग आहे की नाही हे सांगता येत नाही, असे कसे? शेजारच्या काकूंच्या बाबतीत याच तपासणीने दोन दिवसांत 'पॅपिलरी कॅन्सर' असे स्पष्ट लिहून दिले होते. त्यातच एका नातेवाइकांनी सांगितले, की पॅपिलरीचे काही वाटून घेऊ नये, फॉलिक्युलर हाडांत जातो आणि अ‍ॅनाप्लास्टिक झाला तर सहा महिने. या तिघांत खरा फरक काय आहे, आणि आईच्या रिपोर्टमधला हा शब्द त्यांत कुठे बसतो, हे कोणी समजावून सांगेल का?

---

हळदबाजार, सोमवार, रात्री १०.२५

ताई, धीर सोडू नका. माझ्या पत्नीला सहा वर्षांपूर्वी पॅपिलरी कर्करोग झाला होता. संपूर्ण थायरॉईड काढले, आयोडीनचा डोस दिला आणि आज ती उत्तम आहे. तिच्या वेळी सुईच्या तपासणीतच निदान पक्के झाले होते. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की तुमच्या रिपोर्टमध्ये संदिग्धता राहिली याचा अर्थ पेशी नीट आल्या नाहीत किंवा पाहणाऱ्याला खात्री वाटली नाही. पुण्यात किंवा मुंबईत मोठ्या ठिकाणी सुई पुन्हा करून घ्या. उगीच ऑपरेशन कशाला?

बाकी तुमच्या नातेवाइकांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. पॅपिलरी सर्वांत सौम्य, मग फॉलिक्युलर, आणि सर्वांत वाईट अ‍ॅनाप्लास्टिक. मात्र पॅपिलरीतही मानेच्या गाठींत पसरला असेल तर ती तिसरी पायरी धरतात, हे ध्यानात असू द्या.

---

काचपट्टी, मंगळवार, सकाळी ७.१०

मी मिरजेत पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करतो आणि गेली बावीस वर्षे अशा स्लाइड रोज पाहतो. आपल्या आईंची स्लाइड मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल निर्णय देत नाही. परंतु प्रश्न अगदी योग्य जागी विचारला आहे. सुई पॅपिलरी ओळखते आणि फॉलिक्युलर का ओळखत नाही, हे कळले की तिन्हींतला बराचसा फरक आपोआप उलगडतो.

पॅपिलरी कर्करोगाची खूण पेशीच्या आत, तिच्या केंद्रकात असते. केंद्रके मोठी, लांबट आणि एकमेकांवर चढलेली दिसतात. त्यांच्या मधोमध कॉफीच्या बीवर असते तशी लांब खाच असते, आणि काही केंद्रकांत गोल, फिकट कप्पा दिसतो, जणू कोणी केंद्रकाला छिद्र पाडले आहे. ही खूण एकेका पेशीवर उमटलेली असल्यामुळे सुईतून आलेल्या दोन-चार झुपक्यांतही ती सापडते. शेजारच्या काकूंचा रिपोर्ट दोन दिवसांत स्पष्ट आला तो यामुळे.

फॉलिक्युलरमध्ये पेशी स्वतः काहीच सांगत नाही. फॉलिक्युलर अ‍ॅडिनोमा ही साधी, निरुपद्रवी गाठ असते आणि फॉलिक्युलर कार्सिनोमा हा कर्करोग. दोन्हींतील पेशी सारख्याच, लहान गोल वर्तुळांत मांडलेल्या आणि केंद्रकेही सारखीच. दोन्हींभोवती तंतुमय आवरण असते. कर्करोगाच्या पेशी ते आवरण आरपार भेदून बाहेर पडलेल्या असतात किंवा आवरणातल्या रक्तवाहिनीत शिरलेल्या असतात, एवढाच काय तो फरक. कुंपण कुठे तुटले आहे, हे शेतातली मूठभर माती पाहून सांगता येत नाही, त्यासाठी कुंपणाभोवती फिरावे लागते. सुईने आणलेली ती मूठभर माती आहे.

म्हणून 'हळदबाजार' यांच्याशी मी सहमत नाही. बेथेस्डा ही सुईच्या रिपोर्टची वर्गवारी आहे, तिच्यात वर्ग ४ लिहिला आहे, याचा अर्थ पेशी भरपूर आल्या आहेत. पुरेशा पेशी आल्या नसत्या, तर वर्ग १ लिहिला असता, आणि तेव्हा सुई पुन्हा करणे योग्य ठरले असते. इथे दहा वेळा सुई घातली, तरी तेच उत्तर येण्याचा संभव अधिक आहे. वर्ग ४ च्या गाठी काढल्यावर साधारण चारांतील एकीत कर्करोग निघतो, बाकीच्या तिघी साध्या असतात. त्यासाठीच केवळ अर्धा भाग काढण्याचा सल्ला दिला जातो.

---

वाईची सून, मंगळवार, दुपारी १.१५

माझ्या सासूबाईंची टीएसएच ९ आली आहे आणि गोळी सुरू केली आहे. वरचे वाचून मला भीती वाटू लागली. त्यांनाही सुईची तपासणी करावी का? गोळीमुळे गाठ होते का?

---

काचपट्टी, मंगळवार, दुपारी २.०५

आपला प्रश्न वेगळा आहे. टीएसएच वाढणे म्हणजे ग्रंथी कमी काम करते आहे, आणि गोळी ती उणीव भरून काढते. या गोळीने गाठ होत नाही. हाताला किंवा सोनोग्राफीत गाठ दिसली तरच सुईचा विचार होतो, केवळ टीएसएचवरून नाही. उलट थायरॉईडचा कर्करोग असलेल्या बहुतेक रुग्णांची टीएसएच अगदी व्यवस्थित असते, धागाकर्तीच्या आईंसारखीच.

---

कराडचे मास्तर, मंगळवार, रात्री ८.५०

धागा वाचून न राहवून लिहितो आहे. माझी मुलगी २६ वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिच्या मानेला उजव्या बाजूला, कानाच्या खाली थोडी मागे, सुपारीएवढी गाठ आली. ती गळ्याच्या मध्यभागी नव्हती, त्यामुळे थायरॉईडचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. एका ठिकाणी सुई घातली तेव्हा नुसते तपकिरी पाणी आले. आपल्याकडे मानेची गाठ म्हटली की पहिला संशय क्षयाचा, म्हणून तिला क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. दोन महिने त्या घेऊनही गाठ तेवढीच राहिली. दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत संपूर्ण गळा तपासला, तेव्हा थायरॉईडच्या उजव्या भागात अवघी ९ मिलिमीटरची गाठ दिसली. पुढे पॅपिलरी कर्करोग निघाला. ऑपरेशनमध्ये काढलेल्या २१ लसीकाग्रंथींपैकी ६ मध्ये तो पसरला होता.

वर लिहिले आहे, की मानेत पसरला तर तिसरी पायरी. आमच्या डॉक्टरांनी मात्र रिपोर्टवर 'स्टेज १' लिहिले आहे. ते आम्हाला धीर देण्यासाठी लिहिले आहे का? हा प्रश्न वर्षभर मनात आहे, पण मुलीसमोर विचारता येत नाही.

---

काचपट्टी, बुधवार, सकाळी ६.५५

मास्तर, डॉक्टरांनी खरेच लिहिले आहे. थायरॉईडच्या पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कर्करोगांत पायरी ठरवताना रुग्णाचे वय धरले जाते. सध्या वापरात असलेल्या आठव्या आवृत्तीच्या पद्धतीत ही रेषा ५५ वर्षांवर आहे. त्याखालील वयात गाठ कितीही मोठी असो आणि मानेतल्या ग्रंथींत कितीही पसरलेली असो, फुफ्फुस किंवा हाड अशा दूरच्या अवयवांत गेली नसेल, तर पायरी पहिलीच. तरुण वयात मानेतल्या ग्रंथींत गेलेला पॅपिलरी माणसाच्या आयुष्याची लांबी फारशी कमी करत नाही, हे दीर्घकाळच्या निरीक्षणांतून दिसून आले, म्हणून हा नियम झाला. इतर कर्करोगांचे अंदाज इथे लावले, की माणूस विनाकारण घाबरतो. एक मात्र खरे, की ग्रंथींत गेलेला पॅपिलरी मानेत पुन्हा डोके वर काढण्याची शक्यता जास्त असते. म्हणून मुलीची मानेची सोनोग्राफी आणि रक्तातील थायरोग्लोब्युलिन ही तपासणी वर्षानुवर्षे चुकवू नये.

आपल्या मुलीला जे घडले, ते या रोगाच्या स्वभावाला धरूनच आहे. पॅपिलरीला सहसा नीट आवरण नसते. तो थायरॉईडच्या आतल्या लसीकावाहिन्यांतून सरकतो आणि लवकर मानेतल्या ग्रंथींत जाऊन बसतो. मूळ गाठ हाताला लागतही नाही आणि मानेची गाठ आधी दिसते. अशा ग्रंथींत पुष्कळदा पाणी साचते, आणि पाण्यात पेशी तुरळक असतात, म्हणून सुई फसते. ते सुईतले पाणी फेकून न देता त्यात थायरोग्लोब्युलिन मोजले असते, तर त्याच दिवशी उलगडा झाला असता. हे प्रथिन थायरॉईडच्या पेशीच तयार करतात, मानेच्या बाजूच्या ग्रंथीत ते सापडण्याचे दुसरे कारण नाही.

---

हळदबाजार, बुधवार, दुपारी १२.३०

पायरीबद्दल माझी चूक झाली, मान्य करतो. माझ्या पत्नीचे वय तेव्हा ५८ होते, म्हणून आमच्या कागदावर वेगळे लिहिलेले असावे.

परंतु सुईच्या बाबतीत माझे समाधान झालेले नाही. आजकाल पेशींतले जनुकदोष तपासतात. तो मार्ग का नाही? आणि ऑपरेशन करायचेच तर टेबलावरच गाठीचा तुकडा गोठवून तपासतात, त्यात तिथल्या तिथे कळेल. कर्करोग असेल तर संपूर्ण ग्रंथी एकदाच काढता येईल, दुसरे ऑपरेशन टळेल.

---

काचपट्टी, बुधवार, रात्री ९.३५

दोन्ही मुद्दे विचारात घेण्यासारखे आहेत. जनुकतपासणी काही गाठींत मदत करते. सुईच्या पेशींत बीआरएएफ हा दोष सापडला, तर गाठ पॅपिलरी असण्याची जवळजवळ खात्री होते. फॉलिक्युलर गाठींत मात्र रास नावाच्या जनुकातला दोष आढळतो आणि तो साध्या अ‍ॅडिनोमातही असतो. त्यामुळे संशय वाढतो, निर्णय होत नाही. शिवाय खर्च मोठा आहे.

गोठवून तपासण्याबद्दल माझा अनुभव सांगतो. गाठ ऑपरेशनच्या टेबलावरून माझ्याकडे येते, तेव्हा वीस मिनिटांत मी आवरणाच्या एका किंवा दोन जागा पाहू शकतो. गोठवल्यामुळे पेशी फुगतात आणि कडा वेड्यावाकड्या होतात. आवरणात पेशींचा एखादा कण दिसला, तर तो खरोखर आत घुसला आहे की कापताना ओढला गेला, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. बहुतेक वेळा 'अंतिम रिपोर्टची वाट पाहावी' एवढेच लिहावे लागते. तेवढ्यासाठी रुग्णाला भूल देऊन ताटकळत ठेवणे मला पटत नाही, तरी काही सर्जन ती मागतात आणि त्यांची कारणे असतात.

पूर्ण तपासणीला चार-पाच दिवस लागतात, ते का, हेही सांगतो. गाठ फॉर्मालिनमध्ये मुरते, मग तिच्या बाहेरच्या बाजूला शाई लावतो, म्हणजे स्लाइडवर कडा ओळखता येते. नंतर भाकरीचे तुकडे करावेत तशा चकत्या पाडतो आणि प्रत्येक चकतीचा आवरणाकडचा भाग मेणाच्या ठोकळ्यात घालतो. तीन सेंटिमीटरच्या गाठीला असे दहा-बारा ठोकळे सहज होतात. गाठीचे पोट जवळजवळ सगळीकडे सारखेच असते, कामाची ती कडाच. ऑपरेशननंतर उत्सुकतेपोटी कोणी गाठ मधोमध चिरून ठेवली, की आवरण बाहेरच्या बाजूला उलटे वळते, आणि मग घुसखोरी खरी की वळलेली कडा, याचा निवाडा अवघड होतो. म्हणून धागाकर्तीला माझी एकच विनंती आहे, की गाठ अखंड आणि भरपूर फॉर्मालिनमध्ये पाठवावी, असे सर्जनांशी आधीच बोलून ठेवावे.

---

तासगावकर, गुरुवार, रात्री ११.१०

कोणाला घाबरवण्याचा हेतू नाही. माझ्या मोठ्या चुलत्यांना पंचवीस वर्षांपासून गलगंड होता. लिंबाएवढी गाठ, दुखत नव्हती, ते ती उपरण्याखाली झाकत. ६९ व्या वर्षी, द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत, गाठ वाढते आहे असे ते म्हणाले. पाच आठवड्यांत ती दुप्पट झाली आणि दगडासारखी कडक लागू लागली. आवाज बसला. आम्हाला वाटले, औषधफवारणीमुळे घसा धरला असेल. नंतर झोपेत श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि भाकरी घशाखाली उतरेना. एका दवाखान्यात पहिल्या सुईत 'मृत पेशी, निष्कर्ष नाही' असे आले, आणि पुन्हा या म्हणून तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. ते आठवडे गेले ते गेलेच. दुसरीकडे जाडसर सुईने तुकडा काढला तेव्हा 'अ‍ॅनाप्लास्टिक' असे निदान झाले. श्वासासाठी गळ्याला भोक पाडावे लागले. निदानानंतर ते अकरा आठवडे जगले.

दोन प्रश्न आहेत. ती पंचवीस वर्षांची गाठच कर्करोगात बदलली का? आणि ती आधी काढली असती, तर ते वाचले असते का?

---

कृष्णाकाठची, गुरुवार, रात्री ११.४५

तासगावकर, वाचून फार वाईट वाटले. आईची गाठ उद्या अशी वळण घेईल का, हाच प्रश्न आता माझ्याही मनात आला आहे. ऑपरेशनची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली आहे.

---

काचपट्टी, शुक्रवार, सकाळी ७.२०

तासगावकर, आपल्या चुलत्यांची हकीकत म्हणजे या रोगाचे नेमके चित्र आहे. साठी ओलांडलेले वय, जुना गलगंड, आठवड्यांच्या हिशेबाने वाढ, आवाज बसणे, श्वासाला अडथळा. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर महिन्या-वर्षांच्या हिशेबाने चालतात, हा आठवड्यांत चालतो. पसरण्याची रीतही निराळी आहे. लसीकेची किंवा रक्ताची वाट न धरता तो आधी जिथे आहे तिथेच सर्व दिशांना शेजारच्या अवयवांत घुसतो, स्वरयंत्राची नस, श्वासनलिका, अन्ननलिका. शिवाय जवळजवळ निम्म्या रुग्णांत निदानाच्या वेळीच तो फुफ्फुसांपर्यंत पोहोचलेला असतो.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यात थायरॉईड ओळखू येत नाही. पॅपिलरीतली खाच नाही, फॉलिक्युलरमधली वर्तुळे नाहीत. कुठे लांबट चातीसारख्या पेशी, कुठे अवाढव्य, अनेक केंद्रके असलेल्या पेशी, जिकडेतिकडे विभाजन आणि मध्ये मृत पेशींचे मोठे पट्टे. पहिली सुई त्या मृत पट्ट्यात गेली असणार, हे नेहमी होते. अशा वेळी तीन आठवड्यांनंतरची तारीख देणे चुकीचे होते, हे मी स्पष्ट म्हणतो. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत मृत पेशी निघणे हीच धोक्याची सूचना असते, आणि त्याच आठवड्यात जाड सुईने तुकडा घ्यायला हवा. त्याला आणखी एक कारण आहे. थायरॉईडचा लिम्फोमाही असाच झपाट्याने वाढतो, पण त्याच्यावर औषधांचा चांगला परिणाम होतो. तो आहे की नाही, हे तपासायला उशीर करणे परवडत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही. कित्येक अ‍ॅनाप्लास्टिक गाठींत कोपऱ्यात जुन्या पॅपिलरीचा किंवा फॉलिक्युलरचा तुकडा सापडतो. त्यावरून असे दिसते, की वर्षानुवर्षे शांत असलेल्या कर्करोगातल्या काही पेशींत आणखी दोष साचतात आणि त्या ओळख हरवून सुटतात. पण आपल्या चुलत्यांचा केवळ एक तुकडा तपासला गेला. त्यांच्या जुन्या गाठीत आधीपासून काय होते, हे कोणालाच सांगता येणार नाही. गलगंड असलेल्या बहुसंख्य माणसांना हा रोग कधीच होत नाही, म्हणून गाठ काढली नाही ही आपली चूक समजू नका.

या रोगाला किरणोत्सर्गी आयोडीन लागू पडत नाही, कारण आयोडीन ओढून घेण्याचे थायरॉईडचे कामच या पेशी विसरलेल्या असतात. निम्मे रुग्ण पाच-सहा महिनेही पाहत नाहीत, आणि एक वर्ष पाहणारे पाचांतील एखादा. बीआरएएफ दोष असलेल्या गाठींना डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांची जोडी लागू पडते. अमेरिकेत २०१८ मध्ये तिला या रोगासाठी मान्यता मिळाली. पण तो दोष सर्वांत नसतो, निम्म्यांहून कमी रुग्णांत असतो. म्हणून निदान होताच ती तपासणी पाठवावी, नंतर नाही.

धागाकर्ती, आपल्या आईंची गाठ महिनोन्‌महिने तेवढीच आहे, आवाज स्वच्छ आहे, आणि सुईत व्यवस्थित वर्तुळे आलेली आहेत. अ‍ॅनाप्लास्टिकशी यातले काहीही जुळत नाही.

---

कृष्णाकाठची, तेवीस दिवसांनंतर, रविवार, दुपारी ४.२०

ऑपरेशन झाले. डावा अर्धा भाग काढला. आईचा आवाज ठीक आहे, आता ती घरी आहे आणि तिसऱ्या दिवशीच देवघरात जाऊन बसली. 'काचपट्टी' यांनी सांगितल्याप्रमाणे गाठ अखंड पाठवण्याबद्दल मी बोलले होते, आणि सर्जनांनी वाईट वाटून घेतले नाही.

रिपोर्ट असा आहे. गाठ ३.१ सेंटिमीटर, आवरणासहित. एकूण १४ ठोकळे. केंद्रकांत पॅपिलरीची चिन्हे नाहीत. आवरण दोन ठिकाणी भेदलेले, आणि आवरणातील एका रक्तवाहिनीत गाठीच्या पेशी. निदान: फॉलिक्युलर कार्सिनोमा, आवरणबद्ध, रक्तवाहिनीत शिरकाव असलेला. शाई लावलेली कडा स्वच्छ. म्हणजे चारांतील एकीत आईच निघाली.

स्लाइड आम्ही दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनाही दाखवल्या. त्यांचे म्हणणे, की आवरण भेदल्याच्या दोन जागांपैकी एक ही सुई गेल्याची वाट असावी, कारण तिथे जुन्या रक्ताचे तपकिरी डाग आणि भरत आलेली जखम दिसते. दुसरी जागा त्यांनाही मान्य आहे. रक्तवाहिनीबद्दल त्यांनी वाहिनीचे अस्तर दाखवणारे सीडी३१ नावाचे रंजन करून घेतले आणि तो शिरकाव खरा ठरला. आता प्रश्न असा, की उरलेला अर्धा भाग काढायचा का? सर्जन म्हणतात गरज नाही, कर्करोगतज्ज्ञ म्हणतात काढलेला बरा.

---

पलूसचा, रविवार, सायंकाळी ६.०५

मी मूळचा पलूसचा, पुण्यात न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ आहे. निर्णय डॉक्टरांचा, मी फक्त आमच्या बाजूची अडचण सांगतो. किरणोत्सर्गी आयोडीन द्यायचे, तर संपूर्ण थायरॉईड काढलेले असावे लागते, नाहीतर उरलेला निरोगी भागच सगळे आयोडीन ओढून घेतो. थायरोग्लोब्युलिनचेही तसेच आहे. अर्धा भाग जागेवर असताना ते रक्तात असणारच, त्यामुळे वाढ कशाची हे समजणे कठीण जाते. आमच्याकडे फॉलिक्युलरचे असे रुग्ण येतात, ज्यांचे मूळ निदान पाठीच्या मणक्यावरून झालेले असते, म्हणून मला संपूर्ण काढणे सुरक्षित वाटते.

---

काचपट्टी, रविवार, रात्री ९.५०

आईंची प्रकृती ठीक आहे, हे वाचून बरे वाटले. रिपोर्ट नीट तयार केलेला आहे, १४ ठोकळ्यांवरून ते कळते. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनी सुईच्या वाटेबद्दल काढलेली शंका योग्य आहे. सुईनंतर काही आठवड्यांनी काढलेल्या गाठींत आवरणाला अशी वाट पडलेली मी अनेकदा पाहिली आहे आणि ती घुसखोरीसारखी दिसते. मात्र रक्तवाहिनीतला शिरकाव सिद्ध झाल्यावर आवरणाच्या एका जागेबद्दलचा मतभेद निदान बदलत नाही.

'पलूसचा' यांनी मणक्याचा उल्लेख केला, तो फॉलिक्युलरच्या स्वभावाचा आहे. तो मानेतल्या ग्रंथी बहुधा टाळतो आणि शिरेतून थेट फुफ्फुसांत व हाडांत जातो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे साधे पडून खुब्याचे हाड मोडलेल्या एका आजींच्या हाडाचा तुकडा आला होता. भिंगाखाली हाडाच्या पत्र्यांमध्ये नीटनेटकी वर्तुळे आणि त्यांत गुलाबी कोलॉइड भरलेले, निरोगी थायरॉईडच जणू, फक्त जागा चुकीची. पेशी एवढी सभ्य दिसूनही ती रक्तातून प्रवास करून आलेली होती. पेशीचा चेहरा पाहून फॉलिक्युलरचा निवाडा होत नाही, असे मी आरंभी लिहिले, त्याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

परंतु तो स्वभाव सर्व फॉलिक्युलर गाठींत सारख्या जोराचा नसतो. नुसते आवरण भेदले असेल, तर दूर पसरण्याचा धोका फार थोडा. रक्तवाहिन्यांत शिरकाव असेल, तर तो किती ठिकाणी आहे हे मोजतात, आणि चार किंवा अधिक वाहिन्या असतील तर चिंता बरीच वाढते. आवरण ओलांडून ग्रंथीभर पसरलेला असेल, तर परिस्थिती पॅपिलरीहून कितीतरी कठीण होते. आईंच्या गाठीत एकच वाहिनी आहे. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनात चारपेक्षा कमी वाहिन्यांचा, ग्रंथीच्या आतच असलेला फॉलिक्युलर कमी धोक्याच्या गटात धरला आहे, आणि अशा गाठीला अर्धा भाग काढणे पुरेसे ठरू शकते. सर्जनांचे म्हणणे त्याला धरून आहे. कर्करोगतज्ज्ञ वयाकडे आणि वाहिनीकडे पाहून सावध आहेत, त्यांनाही मी चूक म्हणणार नाही. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये उजव्या बाजूची स्वरयंत्राची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथी यांना धोका असतो, आणि आयुष्यभर गोळी लागते. पुढची देखरेख मात्र त्यामुळे सोपी होते.

दोघांना एकच प्रश्न विचारून पाहा, की ती एक वाहिनी गाठीच्या आवरणातली आहे की आवरणाबाहेरची, आणि त्यांचे मत त्याने बदलते का.

---

हळदबाजार, सोमवार, सकाळी ८.३०

मी पहिल्या दिवशी पुन्हा सुई करा म्हटले होते, ते ऐकले असते तर महिना फुकट गेला असता. तरीही मला वाटते, की संपूर्ण काढून मोकळे व्हावे. माझ्या पत्नीला गोळीचा काहीही त्रास नाही.

---

कृष्णाकाठची, गुरुवार, रात्री ९.१५

आज दोघांनाही विचारले. वाहिनी आवरणातलीच आहे. सर्जनांचे मत तेच राहिले. कर्करोगतज्ज्ञ म्हणाले, की ती बाहेरची असती तर त्यांनी ऑपरेशनचा आग्रह धरला असता, आता ते निर्णय आमच्यावर सोडतात. छातीचा सीटी स्कॅन स्वच्छ आला आहे. आईने सध्या नको असे सांगितले आहे. सहा महिन्यांनी उरलेल्या भागाची सोनोग्राफी आणि थायरोग्लोब्युलिन करायचे ठरले आहे. आजचा आकडा मी वहीत लिहून ठेवला, पुढचा आकडा त्याच्याशी ताडून पाहता येईल. मेणाचे ठोकळे आणि स्लाइड दवाखान्यातून मागून घेऊन घरी कपाटात ठेवल्या आहेत. त्या कडक उन्हात खराब होतात का, एवढे कोणी सांगावे.

---

काचपट्टी, गुरुवार, रात्री १०.००

स्लाइड टिकतात, ठोकळ्याचे मेण मात्र उन्हाळ्यात मऊ पडते. खिडकीपासून लांब, खालच्या कप्प्यात, डब्यात बंद करून ठेवा. कधी नवीन रंजन करायचे झाले, तर तो ठोकळाच लागेल, स्लाइड पुरणार नाही.